मंगळवारची मोजणी, बुधवारचा बाजार

गेल्या वर्षी जानेवारीत एका सकाळी आईने फ्रिजच्या खालच्या कप्प्यातून पालकाची जुडी बाहेर काढली. वरची पानं चांगली हिरवी होती, पण रबर सोडल्याबरोबर आतला गाभा हातातच बसला. काळपट, बुळबुळीत, आणि वासही येत होता. शेजारी मेथीची एक जुडी पिवळी पडलेली होती. त्यामागे स्टीलच्या डब्यात चार दिवसांपूर्वीचं वरण होतं. आई काही वेळ ते सगळं हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "काऊन रे, दर आठवड्याला हेच होऊन राहिलं. आणतो पिशवीभर अन् फेकतो पिशवीभर."

तिचं वय ७६ आहे. अन्न टाकणं तिच्या जिवाला लागतं, आणि तिच्या घरात ते माझ्यामुळे होत होतं, कारण भाजी मी आणतो. म्हणून त्या दिवसापासून मी एक वही केली. घरातून जे खाण्याजोगं अन्न फेकलं जाईल ते आधी स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर ठेवायचं, वजन लिहायचं, मग टाकायचं. सालं, देठं, कोयी धरायच्या नाहीत, कारण ती कधी ताटात येणारच नव्हती. घरात आम्ही चौघं आहोत. मी, बायको, अकरावीतला मुलगा आणि आई.

पहिल्या आठवड्यात २ किलो ३०० ग्रॅम भरलं, दुसऱ्यात १ किलो ९००. तिसऱ्यात पाहुणे आले होते, तेव्हा २ किलो ६०० झालं. आकड्यांपेक्षा मला त्यातल्या वस्तू महत्त्वाच्या वाटल्या. निम्म्याच्या आसपास वजन पालेभाजीचं होतं. त्याखालोखाल शिजवलेलं अन्न, म्हणजे भात, वरण आणि वाटीभर उरलेल्या भाज्या. मग आंबट झालेलं दही आणि ब्रेड. आलू, कांदे, पत्ताकोबी, कोहळं यांतलं जवळजवळ काहीच नव्हतं. म्हणजे घरात जास्त भाजी येते हे अर्धंच खरं होतं. जी लवकर खराब होते ती मागे राहायची आणि जी टिकते ती आधी संपायची. बुधवारी मेथी आणली तरी गुरुवारी आलूची भाजी व्हायची, कारण आलू सोलायला दोन मिनिटं लागतात आणि मेथी निवडायला अर्धा तास.

मी औषधांच्या होलसेल दुकानात माल सांभाळतो, २६ वर्षं झाली. आमच्याकडे नव्याने आलेल्या माणसाला वाटतं की आधी आलेला माल आधी विकायचा. तसं नसतं. आज आलेल्या खोक्यावरची मुदत महिनाभरापूर्वी आलेल्या खोक्याच्या आधी संपत असेल, तर आजचं खोकं पुढे लागतं. ज्याची तारीख आधी संपते तो माल हाताशी ठेवायचा, मग तो आलेला कधी का असेना. वही पाहताना माझ्या लक्षात आलं की दुकानात जे मी रोज करतो ते घरी कधीच केलं नव्हतं. घरी स्वयंपाक ठरायचा तो "आज काय खावंसं वाटतं" यावर. भाजीवर तारीख छापलेली नसते हे खरं. पण ती तारीख सांगणारं माणूस माझ्या घरातच होतं.

आमचा बाजार सक्करदऱ्याचा बुधवार बाजार. म्हणून आमचा आठवडा सोमवारी सुरू होत नाही, बुधवारी होतो. मोजणी मंगळवारी रात्री. जेवणं आटोपली की फ्रिजमधलं सगळं ओट्यावर काढतो, डब्यांची झाकणं उघडतो. आई खुर्ची ओढून बसते आणि एकेक वस्तू हातात घेऊन किती दिवस निघतील ते सांगते. वीस मिनिटं लागतात. सुरुवातीला मी नुसता "पालक, अर्धी जुडी" एवढंच लिहायचो. तिने मला पानं कशी बघायची ते शिकवलं. पालकाचं एक पान तिने माझ्या बोटांत दिलं, ते लोंबत होतं. "हे मरगळलं आहे. यातलं पाणी गेलं, बाकी काही झालं नाही. थंड पाण्यात टाक, अर्ध्या तासात उभं राहते." मग दुसरं पान दिलं. त्याच्या कडेला अंगठा फिरवला तर साबणासारखं घसरलं. "हे गेलं. याच्याजवळचे चार पानंही गेले समज, उद्या जातील." मरगळणं आणि सडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला पन्नाशीत कळलं. याआधी मी मरगळलेली चांगली भाजी टाकत होतो आणि वरून ताठ दिसणारी, आतून सुटलेली जुडी ठेवत होतो.

गेल्या फेब्रुवारीतल्या एका आठवड्याची मोजणी वहीत जशी आहे तशी सांगतो, म्हणजे पद्धत नीट कळेल.

मंगळवारी रात्री ओट्यावर हे होतं. पाऊण जुडी मेथी, काही पानं पिवळी. अर्धी जुडी पालक. सांबाराची मोठी जुडी, जवळजवळ पूर्ण. (नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.) अर्धा पत्ताकोबी. तीन मऊ पडलेली गाजरं. चार वांगी, साल सुरकुतलेली. वाटीभर सोले, म्हणजे तुरीचे ओले दाणे. पाच टमाटर, त्यातले दोन नरम. कोहळ्याची एक फोड, अर्धा किलोची. मोड आलेले मूग एक वाटी. चार दिवसांचं दही, दोन वाट्या, चांगलंच आंबट. त्या दिवशीच्या दुपारचं वरण दीड वाटी, भात दोन वाट्या आणि संध्याकाळच्या कणकेचा एक गोळा.

याचे आम्ही तीन भाग केले. पहिला, उद्याचा दिवस उलटू द्यायचा नाही असा. त्यात भात, वरण, कणीक आणि मेथी आली. दुसरा, तीन दिवसांच्या आत संपवायचा. त्यात दही, पालक, मूग, सोले, वांगी, नरम टमाटर. तिसरा, आठवडा काढेल असा. त्यात पत्ताकोबी, गाजर, कोहळं. सांबारावर थोडा वाद झाला. मी त्याला दुसऱ्या भागात टाकलं होतं, आई म्हणाली तिसऱ्यात टाक, कारण ते कपड्यात गुंडाळलेलं होतं आणि आतून कोरडं होतं. तिचं बरोबर निघालं.

मग मेनू. इथे एक गोष्ट मी दोनतीन आठवडे चुकवत होतो. एकेका वस्तूला एकेक पदार्थ द्यायचो, म्हणजे मेथीची भाजी, पालकाची भाजी, मुगाची उसळ. तसं केलं तर दहा वस्तूंना दहा जेवणं लागतात आणि पहिल्या भागातल्या चार वस्तू एका दिवसात कधीच संपत नाहीत. एकाच दिवशी संपणाऱ्या गोष्टी एकाच पदार्थात गेल्या पाहिजेत. म्हणून बुधवारी सकाळी दीड वाटी वरणात निवडलेली मेथी बारीक चिरून घातली, तिखट, ओवा, तीळ घातले, त्यात कालचा कणकेचा गोळा कुस्करला आणि मावेल तेवढी कोरडी कणीक घालून मळलं. पाण्याचा थेंबही लागला नाही. त्याचे पराठे चौघांच्या डब्यांना पुरले. वरणामुळे ते दुपारपर्यंत मऊ राहतात. भाताला सकाळीच फोडणी दिली, शेंगदाणे आणि नरम टमाटरांपैकी एक घालून, तो नाश्त्याला झाला. सकाळी नऊ वाजता पहिला भाग संपला होता.

बुधवारी रात्री कढीगोळे. आंबट दही हे कढीचंच दही असतं. ताज्या दह्याला तर वरून आंबटपणा द्यावा लागतो. तुरीची डाळ सकाळी भिजवली होती, ती जाडसर वाटून गोळे केले आणि उकळत्या कढीत सोडले. दोन वाट्या दही संपलं. पूर्वी ते फ्रिजमध्ये एका बाजूला राहायचं, नवं दही त्यापुढे यायचं आणि जुन्यावर गुलाबी छटा आली की टाकलं जायचं. आंबट झालेलं दही चालतं, रंग बदललेलं किंवा बुरशीचा ठिपका आलेलं चालत नाही. ठिपका चमच्याने काढून बाकीचं वापरायचं हे आम्ही बंद केलं, कारण पातळ आणि मऊ पदार्थात बुरशी दिसते त्याच्या खालीही उतरलेली असते.

गुरुवारी सकाळी पालकाची पातळ भाजी, चण्याची डाळ आणि शेंगदाणे घालून. रात्री सोले, वांगी, आलू आणि उरलेला नरम टमाटर यांचा रस्सा. सुरकुतलेली वांगी भरायला चालत नाहीत, सालीचा चामट घास लागतो. पण चार फोडी करून रश्शात शिजली तर फरक कळत नाही. चिरल्यावर बिया काळ्या दिसल्या ते एक वांगं मात्र टाकलं. शुक्रवारी सकाळी मुगाची उसळ. शनिवारी सांबारवडी. सांबारवडीला जुडीच्या जुडी लागते. एरवी एक चिमूट भाजीवर आणि बाकीची जुडी फ्रिजमध्ये, असंच सांबाराचं होतं. फेब्रुवारीत ते स्वस्त असतं तेव्हा ही वडी महिन्यातून दोनदा होते. सारणात खसखस, सुकं खोबरं, चिंच-गुळाची चव. बाहेरचं आवरण बेसन आणि कणकेचं. आई लाटते, मी दुमडतो. रविवारी पत्ताकोबी आणि गाजर, सोमवारी कोहळं.

कोहळ्याबद्दल एक सांगण्याजोगं. चिरलेली फोड नेहमी आतून खराब होते, बिया आणि दोऱ्यांपासून. पूर्वी आम्ही ती तशीच ठेवायचो आणि चौथ्या दिवशी मधे पांढरी लव यायची. आता बाजारातून आल्याबरोबर बिया आणि मऊ गर चमच्याने खरवडून काढतो, कोरडी फोड झाकणाच्या डब्यात. मंगळवारी मोजलेली फोड सोमवारी भाजी करताना टणक होती.

आणि मंगळवार कोरा ठेवला. हे मी शिकलो ते चुकूनच. पहिल्या महिन्यात सातही दिवस दोन्ही वेळचं लिहून फ्रिजवर लावलं होतं, आणि मला त्याचं फार समाधान वाटत होतं. शुक्रवारी गल्लीत एका लग्नाचं जेवण निघालं. शनिवारी बायकोच्या शाळेतून डबा तसाच परत आला. रविवारी मुलगा मित्रांबरोबर बाहेर गेला. तीन जेवणं सरकली आणि त्यांच्यासाठी राखलेली भाजी बसून राहिली. मेनू पाळण्यासाठी मी रविवारी ठरलेलीच भाजी केली, शुक्रवारची मागेच राहिली, आणि सोमवारी चवळीच्या शेंगा टाकाव्या लागल्या. आता आठवड्याला पाच रात्री लिहितो, एक रात्र लवकर खराब होणाऱ्या कशालाही न बांधलेल्या साध्या जेवणाची, पिठलं-भात किंवा पाटवडी रस्सा. त्याला लागणारं बेसन डब्यात असतं, ते वाट पाहू शकतं. मंगळवारी उरलंसुरलं. काही बिघडलं की पिठल्याची रात्र पुढे ढकलायची, भाजीची नाही.

मेनू लिहून झाला की मग बाजाराची यादी. आधी उलटं होतं. पिशवी घेऊन संध्याकाळी सातनंतर जायचो, उठता बाजार असायचा, भाजीवाली बाई म्हणायची, "दादा, दोन जुड्या घेऊन जा, दहा कमी द्या." मी दोन घ्यायचो. तिसरीही घेतलेली आहे. त्या स्वस्त जुडीतली किती ताटात आली हे वहीने दाखवलं. त्या फेब्रुवारीच्या आठवड्याच्या यादीत एवढंच होतं: एक जुडी पालक, पाव किलो हिरव्या मिरच्या, अर्धा किलो टमाटर, पाव किलो वाटाणा, आलं, लिंबं. मेथी नाही, सांबार नाही, वांगी नाहीत. पिशवी इतकी हलकी होती की घरी आल्यावर बायकोने विचारलं, "अहो, बाजार भरला नव्हता का?" तो आठवडा नीट पार पडला. पुढच्या मंगळवारी वहीत ३८० ग्रॅम होते. त्यातलं सगळ्यात जड म्हणजे पिवळी मेथी, जी आम्हाला बुधवारीच निवडताना काढावी लागली होती.

म्हणजे नुसत्या मेनूने भागत नाही. भाजी सहा दिवस टिकेल अशी ठेवली तरच तिची पाळी येईपर्यंत ती थांबते. पालेभाजी सडण्याचं कारण आमच्याकडे तरी एकच होतं, पाणी. बाजारात भाजी ताजी दिसावी म्हणून दिवसभर पाणी शिंपडतात, जुडी घट्ट बांधलेली असते, आणि मी तशीच ती पॉलिथिनच्या पिशवीत फ्रिजमध्ये सारायचो. ओली पानं, दाबलेली, हवा नाही. गाभ्यापासून सडायला दुसरं काय पाहिजे! आता बुधवारी रात्री घरी आलो की सगळ्यात आधी जुड्यांचे रबर आणि दोऱ्या सुटतात. आईचं एक जुनं सुती लुगडं फाडून तुकडे केले आहेत. त्यावर पालेभाजी पसरतो, पंखा सुरू करतो, तासभर. आई त्यातूनच पिवळी आणि मोडकी पानं बाजूला काढते. न धुता, कोरडी झाली की कोरड्या कपड्यात सैल गुंडाळून डब्यात. धुवायची ती चिरण्याआधी. कपडा ओलसर लागला की दोन दिवसांनी बदलतो. सांबार असं दहा दिवस चाललेलं आहे. मेथीचे पाच दिवस धरावेत, पालकाचे चार. टमाटर त्या कप्प्यात ठेवत नाही. पिकणाऱ्या टमाटर आणि केळ्यांतून एक वायू सुटतो, त्याने शेजारची पानं लवकर पिवळी होतात. ते ओट्यावर टोपलीत असतात, नरम पडले की मगच फ्रिजमध्ये. आलूही बाहेरच, अंधारात, कांद्यांपासून लांब.

आता भाताची गोष्ट सांगतो, कारण ती चूक माझी होती आणि तिचा त्रास मुलाला झाला.

एप्रिलमध्ये वहीतले आकडे पाहून मला कमी करण्याची जिद्द चढली होती. एका दुपारी भात जास्त झाला. तो पातेल्यात ओट्यावर राहिला, रात्रीपर्यंत. रात्री साडेनऊला माझ्या लक्षात आलं, मी तो फ्रिजमध्ये ठेवला आणि सकाळी चांगली खमंग फोडणी देऊन केला. भाताला वास नव्हता, चिकट नव्हता, चव उत्तम होती. मुलाने सगळ्यात जास्त खाल्ला आणि तीन तासांत त्याला उलट्या सुरू झाल्या. संध्याकाळपर्यंत तो सावरला. आमच्या डॉक्टरांनी काय काय खाल्लं ते विचारलं आणि भाताचं ऐकून त्यांनी मला जे समजावलं ते मी तेव्हापासून विसरलो नाही. कच्च्या तांदळात एका जंतूची बीजं असतात, ती शिजवताना मरत नाहीत. भात गरम-कोमट असा तासन् तास बाहेर राहिला की ती रुजतात, वाढतात आणि भातात विष सोडतात. ते विष नंतर कितीही तापवलं, तळलं तरी जात नाही. म्हणून फोडणीने भात सुरक्षित झाला असं मानण्यात अर्थ नाही. आणि वासावरून ते ओळखूही येत नाही.

आईला हे पटायला वेळ लागला. "आम्ही तर जन्मभर रात्रीचा भात सकाळी खाल्ला." ते खरंच आहे. पण तो रात्रीचा भात, बहुतेक थंडीतला, रात्री शिजून सकाळी संपणारा. एप्रिलच्या दुपारी नागपुरात स्वयंपाकघरात ३८ अंश असतात आणि माझं पातेलं तिथे आठ तास होतं. आता नियम असा आहे की जेवण झालं की उरलेला भात परातीत पातळ पसरायचा. पातेल्यात ढीग ठेवला तर फ्रिजमध्येही मधला भाग कितीतरी वेळ कोमट राहतो. निवला की डब्यात भरून फ्रिजमध्ये, हे सगळं उन्हाळ्यात तासाभरात, एरवी दोन तासांत. दुसऱ्या दिवशी सकाळी संपवायचा आणि एकदाच गरम करायचा. फोडणीचा भात उरला तर तो परत फ्रिजमध्ये जात नाही. भात किती वेळ बाहेर होता ते कोणालाच आठवत नसेल, तर तो कुंडीतल्या खताच्या डब्यात. वहीत ती नोंद होते आणि आकडा वाढतो. वाढू दे. त्या दिवसानंतर शिजवलेल्या प्रत्येक डब्यावर मी कागदी चिकटपट्टी लावतो आणि पेनने वार लिहितो, "मं. दुपार" एवढंच. दीड वाटी वरण कधीचं आहे यावर मग घरात चर्चा होत नाही.

मे महिन्यात फ्रिजनेच दगा दिला. दुकानात इन्सुलिन आणि लसी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात, म्हणून तिथे फ्रिजमध्ये तापमापक असतो. तसा एक मी घरी आणला. बाहेर पारा ४५ वर गेलेला. दाराच्या कप्प्यात दुपारी ११ अंश भरले, मधल्या फळीवर ७, खालच्या फळीवर मागे ४. आणि दूध आमचं दारात! ते दोनदा फाटलं होतं आणि आम्ही दुधाला दोष देत होतो. दूध आणि शिजवलेलं अन्न खालच्या फळीवर गेलं, दारात लोणची, सॉस, लिंबं. अगदी मागच्या भिंतीला टेकवून पाला ठेवायचा नाही हेही कळलं. तिथे पालकाची पानं गोठली आणि बाहेर काढल्यावर काळी पडली. फ्रिज ठासून भरला की गार हवा फिरत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात हलकी पिशवी आणण्याला आणखी एक कारण मिळालं.

उन्हाळ्याचा मेनूही वेगळा असतो. पालेभाजी आठवड्याला एकच, आणि ती बुधवारी रात्री किंवा गुरुवारी सकाळी संपलीच पाहिजे. बाकी लवकी, ढेमसं, काकडी, कैरी, कांदा, आणि वाळवणाच्या डब्यातल्या मुंगवड्या. मोड आलेली कडधान्यं मेमध्ये आम्ही करत नाही. कपड्यात बांधलेल्या मुगाला एका रात्रीत आंबूस वास येतो. दुपारी वीज तास-दीड तास गेली तर फ्रिजचं दार उघडायचं नाही, एवढं मुलानेही मान्य केलं आहे. त्याहून जास्त वेळ गेली तर संध्याकाळी तापमापक पाहतो आणि शिजवलेल्या डब्यांचा निकाल त्याच दिवशी लावतो.

वही अजून सुरू आहे. आठवड्याला ४०० ते ५०० ग्रॅम फेकलं जातंच, दिवाळीच्या आठवड्यात दीड किलो गेलं होतं. फराळानंतर कोणी भाजी खाल्ली नाही आणि मी यादी नेहमीचीच ठेवली होती. यंदा त्या आठवड्याच्या पानावर आधीच खूण करून ठेवली आहे.

काल मंगळवार होता. ओट्यावर अर्धी जुडी आंबाडी, दोन दोडके, वाटीभर ताक, पाव पत्ताकोबी आणि "मं. दुपार" लिहिलेलं वरण निघालं. आईने आंबाडी हातात घेऊन पानं चाचपली आणि म्हणाली, "उद्याच कर, कण्या घालून. परवापर्यंत नाही थांबत हे." यादीत आज चारच वस्तू आहेत. कण्या घरात आहेत, लसूण आणायचा आहे.